साडेसातशे रुपयांत तीन जिनसा

वाचकहो, दुसरबीडसारख्या गावात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरकडे माणसे केवळ दुखणी घेऊन येत नाहीत. कोणी खताची पावती वाचून घ्यायला येतो, कोणी मुलीच्या स्थळाची पत्रिका दाखवतो, आणि बाजारातून आणलेली एखादी वस्तू "जरा पाहून द्या" म्हणून टेबलावर ठेवणारे तर आठवड्याला दोन-तीन असतातच. गेल्या हिवाळ्यात असाच एक गृहस्थ पिशवी घेऊन आला. त्याची आई माझी जुनी रुग्ण. वय चौऱ्याहत्तर, पंधरा वर्षांचा मधुमेह. अंगणात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, जालन्याला शस्त्रक्रिया झाली आणि महिन्याभरापूर्वी त्या घरी आल्या होत्या. वजन सहा किलोने उतरलेले, जेवणावर वासना नाही. आईच्या अंगात ताकद यावी म्हणून मुलाने रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका गाडीवरून खरेदी केली होती : एक किलो गावरान तूप तीनशे रुपयांना, एक किलो मध दोनशेला, आणि पाच ग्रॅम केशर अडीचशेला.

"डॉक्टरसाहेब, साडेसातशात तिन्ही जिनसा भेटल्या," तो आनंदाने म्हणाला. "अस्सल हाये म्हणे. आईले कसं द्यायचं तेवढं सांगा."

त्याच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहून लगेच काही बोलवेना. शस्त्रक्रियेसाठी त्या घराने कर्ज काढले होते, हे मला ठाऊक होते. अशा वेळी साडेसातशे रुपये ही लहान रक्कम नसते. मी तिन्ही वस्तू टेबलावर मांडून घेतल्या आणि त्याला समोर बसवले. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून जो हिशेब केला, तोच आज आपल्यापुढे मांडतो आहे. इतकी कमी किंमत पाहून वस्तू बनावट आहे असे म्हणता येते का? तीन वस्तूंसाठी या एकाच प्रश्नाची तीन वेगळी उत्तरे निघतात, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो.

केशराचे उत्तर सर्वांत सरळ आहे, म्हणून आधी ते संपवू. केशराच्या एका फुलात तीन लाल तंतू असतात. ते फूल हाताने खुडावे लागते, मग तंतू हातानेच वेगळे करून वाळवावे लागतात. एका ग्रॅमसाठी साधारण दीडशे फुले लागतात, म्हणजे त्या डबीतल्या पाच ग्रॅमसाठी साडेसातशे. मी त्या गृहस्थाला म्हटले, "अडीचशे रुपयांत साडेसातशे फुले म्हणजे रुपयाला तीन फुले झाली. एवढ्यात फूल लावणे, खुडणे, निवडणे, वाळवणे, पंपोरहून इथवर आणणे आणि विकणाऱ्याचा नफा, सारे बसते का?" तो शेतकरी माणूस. कापूस वेचायला बायांना मजुरी काय द्यावी लागते हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळते. तो हसला, पण डबीकडे पाहून थोडा कष्टी झाला.

केशरात दुसरे काही निघत नाही, ज्याच्या विक्रीतून मजुरीचा भार हलका व्हावा. यंत्रही उपयोगी पडत नाही. म्हणून त्याच्या किमतीला एक तळ आहे, आणि त्या तळाखाली अस्सल माल जाऊच शकत नाही. किरकोळ बाजारात काश्मिरी केशर सध्या ग्रॅमला तीनशे-चारशे आणि त्याहूनही वर जाते. इराणचे त्याहून स्वस्त असते, पण पन्नास रुपये ग्रॅम हे कोणत्याच देशाचे केशर नव्हे. इथे किंमत हाच पुरावा मानायला माझी हरकत नाही.

तरी खात्रीसाठी आम्ही पेलाभर कोमट पाण्यात चार काड्या टाकल्या. पाणी क्षणात लालभडक झाले आणि पाच मिनिटांत काड्या फिक्या, पांढुरक्या पडल्या. खरे केशर रंग सावकाश सोडते, पाणी सोनेरी पिवळे होते आणि काडी बराच वेळ लालच राहते. अस्सल तंतूचे एक टोक कर्ण्यासारखे किंचित रुंदावलेले असते, तेही भिंगातून दिसते. आमच्या डबीतल्या काड्या दोन्ही टोकांना सारख्या होत्या. मक्याच्या कणसाचे केस रंगवलेले असावेत. करडईच्या पाकळ्याही यासाठी वापरतात, आणि आमच्या भागात करडई काही अपरिचित नाही. निव्वळ करडई पोटात गेली तर फारसे बिघडत नाही, पण काडीला चढवलेला रंग कोणता हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून ती डबी मी ठेवूनच घेतली.

आणि एक हिशेब त्याला उलट बाजूने करून दाखवला. दीडशे फुलांचे तीन-तीन तंतू म्हणजे ग्रॅमला सुमारे साडेचारशे काड्या. आजींना रोज रात्री दुधात चार काड्या दिल्या, तर एक ग्रॅम साडेतीन महिन्यांहून जास्त पुरतो. चारशे रुपयांचे खरे केशर दिवसाला चार रुपयांहूनही कमी पडते. पाच ग्रॅमची डबी घरी आणायचे कारणच काय? केशराने मोडलेले हाड लवकर सांधते असेही नाही, हे मी त्याला सांगितले. दुधाला चांगला वास आला आणि त्या निमित्ताने पेलाभर दूध पोटात गेले, तर माझ्या लेखी तेवढा फायदा पुष्कळ आहे.

आता तुपाकडे वळू. इथे थोडे थांबावे लागेल, कारण तुपाचा हिशेब बहुतेक लोक चुकीचा करतात, आणि मीही कित्येक वर्षे चुकीचाच करत होतो.

नेहमीचा हिशेब असा असतो : गाईच्या दुधात साडेतीन-चार टक्के स्निग्धांश. साडेतीन टक्के धरला तर लिटरभर दुधात छत्तीस ग्रॅम. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांशच, तेव्हा एक किलो तुपाला अठ्ठावीस लिटर दूध लागणार. थोडे भांड्याला, थोडे ताकात जाणार, म्हणून एकोणतीस धरा. शेतकऱ्याला लिटरला तीस रुपये मिळत असले तरी नुसते दूधच आठशे सत्तर रुपयांचे झाले. मग दुकानात सहाशे-साडेसहाशेला मिळणारे नावाजलेल्या दूधसंघाचे तूपही खोटेच असले पाहिजे! हा निष्कर्ष आमच्या चावडीवर मी अनेकदा ऐकला आहे. सुशिक्षित माणसेही तो छातीठोकपणे सांगतात, आणि मग दोन-अडीच हजार रुपये किलोचे तूप तेवढे खरे मानून मोकळी होतात.

यात चूक अशी की दुधातून तूप काढले म्हणजे बाकीचे दूध ओतून दिले जात नाही. आपल्या घरीच पाहा. साय काढून घेतलेले दूध आपण पितो, चहात घालतो, ताकाची कढी करतो. दूधसंघही तेच करतो, फक्त मोठ्या प्रमाणावर. स्निग्धांश काढून घेतलेल्या दुधाची भुकटी होते. आपल्या एकोणतीस लिटरांतून साधारण अडीच किलो भुकटी निघते. किलोला दोनशे वीस रुपये भाव धरला तर साडेपाचशे रुपये आले. भुकटी करण्याचा खर्च साठ-सत्तर वजा करा, चारशे ऐंशी उरले. आठशे सत्तरातून ते काढले की स्निग्धांशाच्या वाट्याला तीनशे नव्वद रुपये येतात. त्यात दूध गोळा करणे, थंड करणे, लोणी काढणे, तूप कढवणे, डबा, वाहतूक, कर आणि दुकानदाराचा वाटा मिळवा. साडेपाचशे ते सातशेच्या दरम्यान दुकानात येणारे तूप अशा रीतीने प्रामाणिक असू शकते. दुधाचे आणि भुकटीचे भाव बदलतात, तसा हा आकडा खाली-वर होईल. आपण रीत तेवढी ध्यानात ठेवावी : आधी दुधाची किंमत मांडायची, तिच्यातून उरलेल्या दुधाची किंमत वजा करायची आणि मग खर्च मिळवायचा.

आता तीनशे रुपयांच्या त्या बरणीकडे या. भुकटीचा सारा फायदा धरूनही नुसता स्निग्धांश तीनशे नव्वदला पडतो. विकणारा तीनशेत तूप देतो, वर गाडीचे डिझेल जाळतो आणि नफाही कमावतो. ज्या हिशेबाने दूधसंघ निर्दोष ठरला, त्याच हिशेबाने ही बरणी दोषी ठरते. पामतेल किलोला सव्वाशे-दीडशेच्या आसपास मिळते, तेव्हा उरलेली जागा कशाने भरली असेल याचा अंदाज बांधणे कठीण नाही.

२०२४ साली तिरुपतीच्या लाडवांवरून केवढे वादळ उठले, ते आपल्याला आठवत असेल. त्यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटली होती. देवस्थानाला पुरवल्या जाणाऱ्या गाईच्या तुपाचा दर किलोला सुमारे ३२० रुपये होता, आणि या दराने शुद्ध तूप देणे परवडणारे नाही, असे पुढे देवस्थानाच्या अधिकाऱ्यांनीच सांगितले. जुलै महिन्यात नमुने आणंदला राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या प्रयोगशाळेत गेले, सप्टेंबरात अहवाल गाजला आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र तपास पथक नेमले. एवढ्या मोठ्या देवस्थानाच्या कागदावर जो आकडा होता, जवळपास तोच आकडा आमच्या रस्त्याकडेच्या गाडीवर होता. प्रयोगशाळा पुढची गोष्ट झाली. दर पाहून शंका यायला हवी होती, आणि ती दोन्हीकडे कोणालाच आली नाही.

त्या अहवालात आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. जनावरांना सरकी, मोहरी यांसारखे तेलकट खाद्य अतिशय जास्त दिले असेल किंवा जनावर उपाशी असेल, तर शुद्ध तुपाचाही निकाल चुकीचा येऊ शकतो, अशी सूचना त्यासोबत जोडलेली होती. ती वाचून मला माझी एक जुनी चूक आठवली, आणि ती आपल्याला सांगितली नाही तर हा लेख अप्रामाणिक होईल.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. शेजारच्या खेड्यातली एक बाई, तिच्या नवऱ्याचा न्यूमोनिया बरा झाला म्हणून, बरणीभर तूप घेऊन आली. तूप पांढुरके, घट्ट, मेणासारखे. बोट रुतेना. मी शहाणपणा दाखवला. "बाई, यात डालडा आहे," असे चारचौघांत बोलून गेलो. ती काही बोलली नाही. बरणी उचलून निघून गेली आणि पुन्हा माझ्या दवाखान्यात आली नाही. पुढे कळले की आमच्या कापसाच्या पट्ट्यात म्हशींना सरकी आणि सरकीची ढेप भरपूर घालतात, आणि अशा जनावरांचे तूप इतर ठिकाणच्या तुपापेक्षा कठीण व जास्त उष्णतेला वितळणारे होते. ही गोष्ट इतकी जुनी आणि मान्य आहे की अन्नभेसळीच्या नियमांत कापसाच्या प्रदेशातील तुपासाठी पूर्वीपासून वेगळ्या मर्यादा आखलेल्या होत्या. सरकीचे तेल ओळखण्याची एक नेहमीची रासायनिक चाचणीदेखील सरकी खाल्लेल्या म्हशीच्या शुद्ध तुपाला दोषी ठरवते. मला हे कोणत्याच पुस्तकात शिकवले नव्हते, पण त्या बाईला विचारले असते तर तिने म्हशीला काय घालते ते सांगितले असते.

म्हणून वाचकहो, तळहातावर वितळते की नाही, फ्रीजमध्ये थर पडतात की नाही, कणी आहे की नाही, या परीक्षांवर मी आता विसंबत नाही. वनस्पती तूपही हाताच्या उबेला मऊ पडते, आणि आमच्या मे महिन्यात तर सगळीच तुपे तेलासारखी पातळ होतात. तूप आयोडीनने निळे झाले तर त्यात बटाटा किंवा पिष्ट आहे एवढे कळते, पण तेल मिसळणारा माणूस बटाटा कशाला घालील? हायड्रोक्लोरिक आम्ल आणि साखर घालून लाल रंग पाहण्याची चाचणी काही जण सांगतात. वनस्पती तूप ओळखू यावे म्हणून त्यात तिळाचे तेल घालण्याचा नियम आपल्याकडे आहे, आणि तो लाल रंग त्या तिळाच्या तेलाचा असतो. ज्याने थेट पामतेल किंवा जनावराची चरबी मिसळली, तो या चाचणीतून सहज सुटतो. शिवाय ते आम्ल घरात, नातवंडांच्या हाती लागेल अशा जागी ठेवण्याची वस्तू नव्हे.

दुकानात उभे असताना दोन गोष्टी मात्र जरूर पाहाव्यात. पहिली ही की किंमत किलोची आहे की लिटरची. लिटरभर तुपाचे वजन नऊशे ग्रॅमच्या जरासे वर भरते, त्यामुळे लिटरला सहाशे म्हणजे किलोला सहाशे साठ होतात. दोन डब्यांची तुलना करताना हा फरक आपल्याला फसवतो. दुसरी गोष्ट, डब्यावरचा बारीक मजकूर. "दिव्यासाठी", "पूजेसाठी", "खाण्यासाठी नाही" असे लिहून अडीचशे-तीनशेला विकले जाणारे डबे अनेक किराणा दुकानांत तुपाच्या शेजारीच मांडलेले असतात. विकणारा कायद्याने मोकळा, आणि वृद्ध माणसाला चष्म्याशिवाय ती अक्षरे दिसत नाहीत. माझ्या एका रुग्णाच्या घरी असा डबा चार महिने पोळीवर वाढला जात होता.

आता आजींच्या प्रकृतीला या बनावट तुपाने काय होते, हे विचारणे रास्त आहे. चमचाभर पामतेल पोटात गेल्याने कोणी आजारी पडत नाही, उगाच घाबरवण्यात अर्थ नाही. वनस्पती तुपातील घातक ट्रान्स मेदावर २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली आहे, पण जो चोरून भेसळ करतो तो कोणती मर्यादा पाळील? तेल कितव्यांदा तापवलेले आहे, डबा आधी कशाचा होता, हे कोणालाच माहीत नसते. आणि ज्या घरात पैसा मोजून खर्च होतो, तिथे तीनशे रुपयांत अंडी, शेंगदाणे आणि डाळ आली असती. मोडलेल्या हाडाला आणि उतरलेल्या स्नायूंना प्रथिनांची गरज तुपापेक्षा जास्त असते. हे मी त्या गृहस्थाला तेव्हाही सांगितले.

उरला मध. इथे माझा सारा हिशेब कोलमडतो.

दोनशे रुपये किलोचा मध भेसळीचा आहे असे मी म्हणू शकत नाही. मोहरीच्या शेतात पेट्या ठेवणाऱ्या मधपालकाला घाऊक बाजारात कित्येकदा शंभर-दीडशेच मिळतात, आणि मध्यंतरी भाव शंभराच्याही खाली गेल्याची तक्रार मधपालकांनीच केली होती. म्हणजे खरा मधही स्वस्त असू शकतो. उलट, महाग मध खरा असतो का? डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने बाजारातल्या तेरा नाममुद्रांचे मध जर्मनीच्या प्रयोगशाळेत तपासून घेतले. त्यांतले दहा एका विशिष्ट चाचणीत नापास झाले, आणि त्यांत नावाजलेली, चांगली किंमत घेणारी नावेही होती. कंपन्यांनी हे निष्कर्ष नाकारले, वाद झाला. पण त्या चौकशीतून कळलेली मुख्य गोष्ट अशी की साखरेचे असे पाक तयार होतात, जे आपल्याकडच्या नेहमीच्या चाचण्या पार करतील याच बेताने बनवलेले असतात. ती विशिष्ट चाचणी एमआरआय यंत्राच्याच तत्त्वावर चालते. जी भेसळ पकडायला असे यंत्र लागते, ती आपण पेलाभर पाण्यात थेंब सोडून कशी पकडणार? पाकही तितकाच घट्ट असतो, तोही तळाशीच जातो. कापसाची वात त्यात बुडवली तरी जळते. मुंग्यांचे तर विचारूच नका, त्यांना दोन्ही आवडतात.

बरणीत तळाशी साखरेसारखे कण बसले म्हणजे मध खोटा, ही समजूतही सोडून द्यावी. मोहरीचा अस्सल मध थंडीत तुपासारखा गोठतो. बादलीत पोळ्याचा तुकडा तरंगत ठेवून दारोदार विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये, एवढे मात्र खात्रीने सांगतो. पोळे खरे असते, पण ते पाकातही तरंगते. घ्यायचाच असेल तर जिथे पेट्या आणि माणूस दोन्ही डोळ्यांना दिसतात तिथून घ्यावा. महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ मध्ये राज्यातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर केले, तशा ठिकाणी ओळख काढता येते.

पण आजींच्या बाबतीत हा सारा ऊहापोह गौण होता. त्यांचा मुलगा बरणी माझ्याकडे आणण्यापूर्वीच दहा दिवस त्या सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे मध घेत होत्या. "खऱ्या मधानं शुगर वाढत नाही," असे गाडीवाल्याने सांगितले होते. मी त्या दिवशी उपाशीपोटीची साखर तपासली, ती दोनशे चौतीस निघाली. मागच्या महिन्यात एकशे बावन्न होती. मध बंद केला, गोळ्यांत काहीच बदल केला नाही, आणि तीन आठवड्यांनी ती एकशे साठवर आली. तो मध खरा होता की पाक, मला आजही माहीत नाही. मधुमेही माणसाच्या रक्ताला दोन्ही सारखेच. साखर वाढलेली राहिली असती तर टाक्यांची जखम चिघळली असती, आणि त्याचा खर्च साडेसातशे रुपयांत भागला नसता. बोलण्याच्या ओघात आणखी एक सांगून ठेवतो : घरात वर्षाच्या आतले बाळ असेल तर त्याला मध चाटवू नका, तो कितीही शुद्ध असला तरी. त्यातल्या एका जंतूच्या बीजाणूंमुळे एवढ्या लहान मुलांना क्वचित, पण गंभीर आजार होतो.

"मग यांची तक्रार करायची का?" त्या गृहस्थाने शेवटी विचारले. कायद्यात त्याची सोय आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे कोणीही ग्राहक, खरेदीच्या वेळी विक्रेत्याला तसे सांगून, वस्तू अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. शुल्क भरावे लागते, आणि भेसळ सिद्ध झाली तर ते परत मिळते. जिल्ह्याला, बुलढाण्याला, अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय आहे. पण त्याच्याकडे पावती नव्हती. बरणीवर चौदा आकडी परवाना क्रमांक तर सोडाच, नावही नव्हते. गाडी दुसऱ्या दिवशी मेहकरकडे निघून गेली होती. मी फोनवरून कार्यालयाला कळवले, त्यांनी गाडीचा क्रमांक विचारला, तो कोणीच टिपून ठेवला नव्हता.

पुढच्या वेळी तो जालन्याला गेला तेव्हा अर्धा किलोचाच डबा आणला, पावतीसकट. मी वजन आणि किंमत ताडून पाहिली, किलोला सहाशे वीस पडली. आजींना दिवसाला एक चमचा वरणभातावर, एवढेच मी सांगितले. त्या आता काठी घेऊन ओसरीपर्यंत येतात. परवा तपासायला गेलो तेव्हा देवघरातल्या निरांजनाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "डॉक्टर, ते तीनशेचं तूप तिथं जळते. पण वास काही तुपाचा येत नाही पाहा."